अध्यक्षांची पहिली पंधरा मिनिटे : वार्षिक सभा कशी उघडावी



ऊस विकास विभागाच्या पानावर सभेचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. बेणे, खोडवे, पाचट सोडून हे काय मध्येच, असे कोणी म्हणेलही. पण आपल्या कारखान्याचे कित्येक सभासद गावी विकास सोसायटीचे, दूध संस्थेचे किंवा उपसा पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन आहेत. मार्चअखेर वर्ष संपले की सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपूर्वी, त्यांना आपापल्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७५ मध्ये तसे बंधनच आहे. त्या सभेत जे बिघडते त्याची झळ पुढे गळिताच्या हंगामात ऊसबिलाच्या रूपाने आमच्या गट ऑफिसच्या टेबलावर येते. म्हणून हा विषय आम्ही शेतकी खात्याबाहेरचा मानीत नाही.

सभा कशी चालवावी यावर लिहायचे तर पुस्तक होईल. आम्ही फक्त सुरुवातीबद्दल लिहिणार आहोत. अध्यक्ष खुर्चीवर बसल्यापासून विषय क्रमांक एक पुकारला जाईपर्यंतचा जो पाव तास असतो, तेवढाच. या पाव तासात अध्यक्षांनी दोन कामे करायची असतात. व्यासपीठावर बसलेली माणसे कोण आहेत ते सांगायचे, आणि विषयपत्रिकेवर काय आहे ते सांगायचे. दोन्ही कामे वरवर सोपी आहेत आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही वाया जातात. माणसांच्या ओळखीचा सत्कार समारंभ होतो आणि विषयपत्रिका एका दमात वाचली जाते.

आमच्याच कार्यक्षेत्रातल्या एका उपसा पाणीपुरवठा संस्थेचे उदाहरण घेतो. नाव सांगण्याचे कारण नाही. सभासद २४०, भिजणारे क्षेत्र ३६० एकर, बहुतेक सगळा ऊस. नदीवरच्या पंपापासून वरच्या हौदापर्यंतची मुख्य पाइपलाइन अठराशे फुटांची आणि जुनी. तिचे सांधे जागोजाग पाझरायला लागले होते. बदलायचा खर्च १८ लाख रुपये निघाला. म्हणजे एकरी ५,००० रुपये वर्गणी. संचालक मंडळाने ठरवले की ती दोन हंगामांत, एकरी अडीच हजारांप्रमाणे, ऊसबिलातून कापून घ्यावी.

२०२४ सालच्या वार्षिक सभेत त्यावेळच्या चेअरमनांनी संस्थेच्या स्थापनेपासूनचा इतिहास सांगितला, पाहुण्यांचे सत्कार झाले, प्रत्येक संचालकाला नारळ आणि टॉवेल दिला. तोवर सव्वा तास उलटला. मग सचिवांनी विषय एक ते सात एका श्वासात वाचले, मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ झाले आणि लोक चपला शोधायला लागले. पाइपलाइनच्या वर्गणीचा विषय पत्रिकेवर छापलेलाच नव्हता. तो ‘ऐनवेळच्या विषयांत’ शेवटी आला. निम्मे लोक जेवायला उठले होते. उरलेल्यांपैकी काहींनी आरडाओरडा केला, कोणाचेच कोणाला ऐकू आले नाही, आणि इतिवृत्तात लिहिले गेले : ‘सर्वानुमते मंजूर.’

पुढे डिसेंबरात संस्थेकडून कपातीची यादी आमच्याकडे आली. यादीमागोमाग साठ सभासद सह्यांचा अर्ज घेऊन आले. त्यांचे म्हणणे असे की आम्हाला कोणी विचारलेच नाही. हिशेब साधा आहे. ज्याचा दोन एकर ऊस आहे त्याचे त्या हंगामात पाच हजार रुपये जाणार. एकरी चाळीस टन धरले तर ऐंशी टनांवर पाच हजार, म्हणजे टनाला साडेबासष्ट रुपये. हे पैसे न विचारता कापले तर कोण गप्प बसेल? वसुली थांबली. पाइपलाइन तशीच राहिली. एप्रिल-मे महिन्यांत हौदावर पाणी पुरेना आणि चारीच्या टोकाकडच्या सभासदांच्या उसाची उभ्या उभ्या पाने वाळली. पाइपलाइन बदलायला हवी याबद्दल दुमत कोणाचेच नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे.

पुढच्या वर्षी निवडणूक होऊन नवे मंडळ आले आणि चेअरमनपदावर प्रथमच एक महिला बसल्या. त्यांच्या यजमानांशी आमची जुनी ओळख, त्यामुळे आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. ऑगस्टच्या मध्यावर त्या गट ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, ‘‘साहेब, माझं शिक्षण दहावीपर्यंत. माईक हातात आला की जीभच वळत नाही. भाषण कुणाकडून तरी लिहून द्या.’’

आम्ही म्हटले, ‘‘वहिनी, भाषण लिहूच नका. विषयपत्रिका घेऊन या.’’

ती त्यांनी दुसऱ्या दिवशी आणली. त्यांच्या सचिवांनी मागल्या वर्षीचीच पत्रिका काढून तारीख बदलली होती. तेव्हा पहिले काम झाले ते पाइपलाइनचा विषय ‘ऐनवेळ’मधून उचलून स्वतंत्र क्रमांक देऊन छापण्याचे. ज्या विषयाने सभासदाच्या खिशावर बोजा पडतो, किंवा पोटनियम बदलतात, किंवा कोणाचे सभासदत्व जाते, तो विषय आगाऊ नोटीस दिल्याशिवाय सभेपुढे आणू नये. ऐनवेळचे विषय म्हणजे आभार, अभिनंदन, एखादी सूचना, एवढ्यापुरतेच. संस्थेच्या पोटनियमानुसार सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी निघायला हवी होती, आणि ‘पूर्ण’ म्हणजे नोटीस निघाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून. सभा १४ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी सकाळी अकराला ठरली. नोटीस २८ ऑगस्टला निघाली. मधले दिवस सोळा झाले, ठीक झाले. विषय नीट छापलेला नसेल तर अध्यक्षाने कितीही गोड बोलून सभा उघडली तरी उपयोग नाही, म्हणून हे आधी सांगितले.

आता पत्रिका कशी समजून घ्यावी ते पाहू. आम्ही वहिनींना सांगितले की प्रत्येक विषयापुढे पेन्सिलीने एक शब्द लिहा : सभेने येथे काय करायचे आहे? मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, या पहिल्या विषयात सभेने फक्त एवढेच पाहायचे की जे घडले ते तसेच लिहिले गेले आहे का. इतिवृत्त कायम करणे म्हणजे मागल्या वर्षीच्या ठरावांना पुन्हा मान्यता देणे नव्हे, हे फार थोड्या सभासदांना माहीत असते. दुसरा विषय अहवाल, ताळेबंद आणि नफातोटा पत्रकाचा. येथे मंजुरी द्यायची. तिसरा लेखापरीक्षण अहवाल आणि मागील दोषांच्या दुरुस्तीचा अहवाल. येथे नोंद घ्यायची, पण प्रश्न विचारायचे. चौथ्यात शासनाच्या नामतालिकेवरचा लेखापरीक्षक नेमायचा. पाचवा विषय पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाचा. सहावा, संचालक आणि त्यांच्या कुटुंबीयांकडील येणे रकमांची माहिती सभेपुढे ठेवण्याचा. कायद्यात संचालकांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या कर्जाची माहिती ठेवायला सांगितले आहे. ही संस्था कर्ज देत नाही, पण पाणीपट्टीची बाकी त्याच भावनेने दाखवावी असे मंडळाने ठरवले, ते योग्यच झाले. सातवा विषय पाइपलाइन आणि वर्गणी. येथे सभेने निर्णय घ्यायचा, आणि तो हो किंवा नाही असा दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. आठवा ऐनवेळचे विषय.

असे शब्द लिहिल्यावर वहिनींच्या ध्यानात आले की आठापैकी पैशाचा खरा निर्णय एकच आहे. बाकीचे बिनमहत्त्वाचे आहेत असे नाही, पण सभासद घरून ज्याच्यासाठी येणार तो सातवा. मग सातव्याला वेळ उरेल अशा बेताने सभा उघडायची, हे ओघानेच आले.

दुसरे काम संचालकांच्या ओळखीचे. येथे आमचे मत जरा कडक आहे, ते सांगतो. बहुतेक सभांत ओळख म्हणजे विशेषणांची माळ असते. ‘‘आपले लाडके, कर्तबगार, दानशूर...’’ यातून सभासदाला काय कळते? ओळख या कामाची असायला हवी की सभासदाला कोणत्या विषयावर कोणाला धरायचे ते समजावे. त्यासाठी चार गोष्टी पुरतात. नाव, कोणत्या वाडीवस्तीचे किंवा कोणत्या गटाचे, कोणत्या जागेवर निवडून आले आहेत, आणि मंडळात त्यांच्याकडे काय काम आहे. जागा सांगायची ती अशासाठी की महिलांच्या दोन जागा, अनुसूचित जाती-जमातीची, इतर मागासवर्गाची, भटक्या विमुक्तांची जागा या कायद्याने ठेवलेल्या असतात आणि त्या सभासदांना आपला माणूस कोण ते कळायला हवे. त्या जागेवरचा संचालक हा सर्वांचाच संचालक असतो, त्याला बाजूला बसवून शेवटी उरकू नये.

तज्ज्ञ संचालक घेतलेला असेल तर तसे वेगळे सांगावे. तो निवडून आलेला नसतो, मंडळाने त्याला घेतलेले असते आणि पदाधिकाऱ्यांच्या निवडीत त्याला मत नसते. जुन्या काळी तज्ज्ञ माणसाचे मोल सहकाराने ओळखले नव्हते असे मात्र कोणी समजू नये. प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला तेव्हा पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी पहिले अध्यक्ष म्हणून अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांना पुढे केले होते. ही गोष्ट आम्ही वहिनींना सांगितली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘‘मग मला कशाला पुढे केलं?’’ असो.

सचिव हे संस्थेचे नोकर, संचालक नव्हेत. त्यांची ओळख संचालकांच्या नंतर स्वतंत्र करून द्यावी. आणि गैरहजर संचालकाचे नाव गाळू नये. ‘‘अमुक संचालकांनी कळवून रजा घेतली आहे’’ किंवा ‘‘अमुक संचालक आलेले नाहीत’’ असे सरळ सांगावे. लोकांना रिकामी खुर्ची दिसतेच.

आता एक नाजूक बाब. वहिनींच्या मंडळातल्या एका संचालकाच्या चुलतभावाने पाइपचा दर भरला होता. तिघांचे दर आले होते, त्यांतला एक त्याचा. गावात कुजबूज सुरू झालीच होती. वहिनींनी विचारले, ‘‘ही गोष्ट मी बोलू का? त्यांना वाईट वाटेल.’’ आम्ही म्हटले, आधी त्या संचालकांना घरी जाऊन विचारा आणि त्यांच्या संमतीने ओळखीतच सांगून टाका. सातव्या विषयात कोणी तरी मागच्या रांगेतून उठून सांगण्यापेक्षा अध्यक्षाने सुरुवातीलाच सांगितलेले बरे. त्या संचालकांनीही समजूतदारपणा दाखवला.

सभेचा दिवस उजाडला. सभा मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात होती. दाराशी सह्यांचे रजिस्टर आणि त्याशेजारी अहवालाच्या प्रती ठेवल्या होत्या. पोटनियमाप्रमाणे गणसंख्या एकूण सभासदांच्या एक पंचमांश, म्हणजे ४८. अकरा वाजता सह्या ३१. साडेअकराला ४३. काही मंडळी चहाच्या टपरीवर बसून ‘सुरू झाली की येतो’ म्हणत होती. उपाध्यक्ष म्हणाले, पाचच कमी आहेत, करा सुरू. येथे बरेच अध्यक्ष घसरतात. गणसंख्या न होता सुरू केलेल्या सभेतला प्रत्येक ठराव पुढे वादात सापडू शकतो, आणि या संस्थेत तर वाद घालणारे साठ जण तयारच होते. वहिनींनी उठून सांगितले, ‘‘साडेअकरा वाजले आहेत. रजिस्टरवर ४३ सह्या आहेत, ४८ हव्यात. म्हणून ही सभा मी तहकूब करते. नोटिशीत छापल्याप्रमाणे तहकूब सभा आज याच ठिकाणी बारा वाजता होईल. तिला गणसंख्येची अट नाही.’’

तहकूब सभा त्याच दिवशी घ्यायची सोय नोटिशीत आधी छापलेली असावी लागते. आणि तहकूब सभेत मूळ पत्रिकेवरचेच कामकाज चालते, हे पाळायला हवे. सभा तहकूब झाली असे माईकवरून ऐकू येताच टपरी रिकामी झाली ही गंमतीची गोष्ट. बारा वाजता ६९ सह्या होत्या.

बारा वाजता वहिनींनी जे बोलल्या ते आमच्याजवळ लिहिलेले आहे, कारण आम्ही मागे बसून घड्याळ लावून टिपून घेत होतो. नावे गाळून येथे देतो. ‘सूचक-अनुमोदक’ असे काही झाले नाही. संस्थेचा अध्यक्ष हजर असता तो पदसिद्धच सभेचा अध्यक्ष असतो, त्याला कोणी सुचवावे लागत नाही. अध्यक्ष नसतील तर उपाध्यक्ष, आणि दोघेही नसतील तेव्हाच हजर सभासदांनी आपल्यातून एकाला निवडायचे.

‘‘सर्व सभासद बंधू आणि भगिनींना नमस्कार. बारा वाजले आहेत. तहकूब सभेचे कामकाज मी सुरू करते. रजिस्टरवर ६९ सह्या झाल्या आहेत. गेल्या वर्षात आपल्यातले जे सभासद वारले त्यांची नावे सचिव वाचतील, आपण उभे राहून दोन मिनिटे शांत राहू.’’

नंतर लोक बसले. त्या पुढे म्हणाल्या :

‘‘व्यासपीठावर कोण बसले आहे ते आधी सांगते. मी नाव घेईन त्यांनी उभे राहावे. टाळ्या सगळ्यांना मिळून शेवटी वाजवू. हे उपाध्यक्ष, मधल्या मळ्याचे, सर्वसाधारण गटातून निवडून आलेले. पंपगृह आणि विजेचे बिल यांच्याकडे आहे. विजेच्या खर्चाबद्दल दोन नंबरच्या विषयात यांना विचारा. हे वरच्या वाडीचे संचालक, अनुसूचित जातीच्या जागेवर. चारी क्रमांक तीन आणि पाळीपत्रक यांच्याकडे. या ताई महिला जागेवरच्या, बाकी वसुलीचे काम बघतात. सहावा विषय त्या मांडतील. हे संचालक खालच्या आळीचे. पाइपच्या दरपत्रकांत एक दर यांच्या चुलतभावाचा आहे. त्यांनी मंडळाला ते लेखी कळवले आहे, दर उघडायच्या बैठकीला ते बसले नाहीत आणि सात नंबरच्या विषयावर आज ते बोलणार नाहीत, मतही देणार नाहीत. हे मी त्यांना विचारून सांगते आहे.’’

मंडपात एकदम शांतता झाली, असे आमच्या टिपणात आहे. मग मागून कोणी तरी ‘‘बरं केलं’’ म्हणाले. उरलेल्या संचालकांची ओळख प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत झाली. सगळी मिळून चार मिनिटे लागली. मंडळ अकरा जणांचे आहे.

त्यानंतर विषयपत्रिका. ‘‘आता अहवालाचे पान तीन उघडा. आठ विषय छापले आहेत. एक नंबर, मागचे इतिवृत्त. त्यात जे लिहिले ते बरोबर की चूक एवढेच बघायचे आहे. मला माहीत आहे, पाइपलाइनची वर्गणी मागल्या वर्षी सर्वानुमते मंजूर झाली असे त्यात लिहिले आहे आणि पुष्कळांना ते मान्य नाही. ती दुरुस्ती एक नंबरला सुचवा, आम्ही लिहून घेऊ. त्या ठरावावरून वसुली करणार नाही. वर्गणीचा विषय सात नंबरला नव्याने ठेवला आहे, तुम्ही हो म्हणाल तर हो, नाही म्हणाल तर नाही. दोन, तीन, चार, पाच हे हिशेबाचे विषय आहेत. तीन नंबरमध्ये लेखापरीक्षकांनी तीन दोष काढले आहेत, ते पान नऊवर आहेत, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. सहा नंबरला आमच्याकडची, म्हणजे आम्हा संचालकांचीच, पाणीपट्टीची बाकी दिली आहे. माझ्या घरची बाकी चार हजार होती, ती ऑगस्टात भरली, तेही लिहिले आहे. सात नंबरला आपण निदान पाऊण तास ठेवू. आठ नंबरला ज्यांना काही सूचना मांडायची असेल त्यांनी कागदावर लिहून दोन नंबर संपायच्या आत सचिवांकडे द्यावी. पैशाचा कोणताही नवीन विषय आठ नंबरमध्ये घेतला जाणार नाही. काही शंका?’’

एका वयस्कर सभासदाने विचारले, ‘‘सात नंबर आधी घ्या की, आम्हाला जनावरांच्या पाण्याला जायचंय.’’ वहिनींनी क्षणभर आमच्याकडे पाहिले. आम्ही काही खूण केली नाही, तो आमचा अधिकार नव्हता. त्यांनी सभेलाच विचारले की सात नंबर दोन नंबरनंतर घ्यावा का. बहुसंख्य हात वर झाले, सचिवांना तशी नोंद करायला सांगितली आणि क्रम बदलला. पत्रिकेवर छापलेल्या विषयांचा क्रम सभेच्या संमतीने बदलता येतो, पत्रिकेबाहेरचा विषय मात्र आत आणता येत नाही. आमच्या मते हा क्रमबदल फार शहाणपणाचा झाला. हिशेबाआधी वर्गणी नको म्हणून ताळेबंद दोन नंबरला होऊ दिला, आणि लोक उठायच्या आत पैशाचा निर्णय झाला.

बारा वाजून सतरा मिनिटांनी विषय क्रमांक एक पुकारला गेला. त्यांतली दोन मिनिटे श्रद्धांजलीची.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. ओळख करून देताना वहिनी एका संचालकाचे नाव विसरल्या. ते शेवटच्या खुर्चीवर बसले होते आणि यादीचा कागद मायक्रोफोनच्या दांड्याखाली दुमडला गेला होता. त्यांचे तोंड उतरले. चूक इतिवृत्ताच्या वाचनात सचिवांनी चिठ्ठी पाठवून ध्यानात आणून दिली, आणि वहिनींनी विषय दोनच्या आधी उठून ‘‘माझी चूक झाली’’ असे म्हणून त्यांची ओळख करून दिली. तेव्हा ज्यांना ओळख करून द्यायची आहे त्यांनी यादी कागदावर न ठेवता जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावी, आणि खुर्च्याही त्याच क्रमाने मांडाव्यात. आमच्याही सांगण्यात हे राहिले होते.

दुसरी एक अडचण हारांची झाली. सरपंचांच्या माणसांनी हार आणलेच होते. ते परत कसे पाठवायचे? वहिनींनी ते टेबलावर ठेवून घेतले आणि सभा संपल्यावर घालू असे सांगितले. सभा संपली तेव्हा हार घालायला थांबलेले लोक मोजकेच होते, पण सात नंबरला ७४ सभासद बसलेले होते. आधी सह्या ६९ होत्या, पाच जण नंतर आले.

सातव्या विषयावर पन्नास मिनिटे चर्चा चालली. चारीच्या टोकाकडच्या सभासदांचे म्हणणे पडले की गेल्या उन्हाळ्यात आमचाच ऊस वाळला, पहिल्या वर्षी आमच्याकडून कमी घ्या. वेगळा दर लावला तर हिशेबाचा घोळ होईल, म्हणून शेवटी उपसूचना आली ती सर्वांसाठीच अशी : पहिल्या हंगामात एकरी २,००० आणि दुसऱ्या हंगामात एकरी ३,०००. एकूण पाच हजारच. दर सर्वांत कमी असलेल्याचाच घ्यायचा, आणि तो त्या चुलतभावाचा निघाला नाही. मत हात वर करून मोजले. बाजूने ६१, विरुद्ध ९. तीन जण तटस्थ राहिले, आणि ते एक संचालक ठरल्याप्रमाणे मतदानातून बाहेर राहिले. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ न लिहिता हे आकडे लिहिले गेले.

कपातीची यादी नोव्हेंबरात आमच्या गट ऑफिसला आली. सोबत ठरावाची प्रत होती. ज्या नऊ जणांनी विरोध केला होता त्यांपैकी दोघे आमच्याकडे विचारायला आले. आम्ही त्यांना ठराव दाखवला. त्यांनी आकडे वाचले, त्यांतला एक म्हणाला, ‘‘आमचे नऊ बरोबर लिहिलेत,’’ आणि दोघांनी पहिल्या बिलातून कपातीच्या संमतीपत्रावर सह्या केल्या.